यातला बरोबर कोणता?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते हाडाचे शिक्षक होते. म्हणून आज मी एका विद्यार्थ्याच्या प्रश्नावर बोलणार आहे. हा माझा जुना विद्यार्थी आता एका दैनिकात उपसंपादक आहे. त्याने मला दोन पीडीएफ पाठवल्या आणि खाली एवढेच लिहिले : ‘सर, यातला बरोबर कोणता?’ पुढे ना खुलासा, ना संदर्भ. बातमी लिहायची आहे, की कुणाशी वाद झाला आहे, की मनात नुसती शंका आली आहे, तेही नाही.

दोन्ही लेख एप्रिल 2022 मधले. विषय एकच : भारतात अत्यंत गरीब माणसे किती? वर्ष तेच, 2019. रेषाही तीच, दिवसाला 1.90 डॉलर. हे डॉलर बँकेत मिळतात त्या भावाचे नव्हेत, बरे का. आपल्याकडे रुपयाला काय मिळते आणि तिकडे डॉलरला काय मिळते, याचा मेळ घालून काढलेले ते डॉलर आहेत. पहिला लेख सुरजित भल्ला, करण भसीन आणि अरविंद विरमानी यांचा. तो आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या निबंधमालेत आला. त्याचे उत्तर 0.8 टक्के. दुसरा सुतीर्थ सिन्हा रॉय आणि रॉय व्हॅन डर वाइड यांचा, जागतिक बँकेच्या निबंधमालेतला. त्याचे उत्तर 10.2 टक्के.

म्हणजे किती माणसे? एका हिशेबाने एक कोटीच्या आसपास, दुसऱ्या हिशेबाने चौदा कोटींच्या आसपास. मधल्या फरकात 2011 च्या जनगणनेतला सगळा महाराष्ट्र मावतो आणि वर माणसे उरतात. इतका फरक समोर असताना ‘दोघेही आपापल्या जागी बरोबर’ असे सांगून सुटका करून घेणे मला पटत नाही. विचारणाऱ्याने साधा प्रश्न विचारला आहे, त्याला उत्तर मिळायला हवे. पण ते कसे काढायचे?

आधी दोन चुकीच्या वाटा बाजूला ठेवू, कारण घाईत माणूस त्यांवरच जातो. एक वाट नावाची : नाणेनिधी मोठा की जागतिक बँक मोठी? भल्ला त्या वेळी नाणेनिधीत भारताचे कार्यकारी संचालक होते, तर त्यांचे मानायचे की नेमके म्हणूनच मानायचे नाही? या दोन्ही निबंधमालांमध्ये स्पष्ट छापलेले असते की मते लेखकांची आहेत, संस्थेची नाहीत. लेखक कोण हे पाहून कुठे जास्त बारकाईने वाचायचे ते ठरवावे. निकाल त्यावरून लागत नाही. दुसरी वाट सरासरीची. 0.8 आणि 10.2 यांच्या मधोमध 5.5. हा आकडा समतोल वाटतो खरा, पण तो कुणीच मोजलेला नाही. कोणत्याही पाहणीतून, कोणत्याही रीतीने तो निघत नाही.

मग करायचे काय? दोन्ही लेख शेजारी ठेवायचे आणि निष्कर्षापासून उलटे मागे चालत जायचे. शेवटच्या आकड्यावर वाद घालू नये. दोघांची वाट कुठे वेगळी झाली तो फाटा शोधावा. मी तसा मागे मागे गेलो आणि 2011-12 या वर्षापाशी थांबलो. तिथे जे दिसले ते आज मला तुमच्यासमोर सविस्तर मांडायचे आहे.

2011-12 साली राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची मोठी उपभोग-खर्च पाहणी झाली. दोन्ही लेख तिथूनच निघतात. मग त्या वर्षीच्या गरिबीबद्दल तरी त्यांचे एकमत असायला हवे, नाही का? पाहणी एक, देश एक, रेषा एक. पण दुसरा लेख 22.5 टक्क्यांपासून निघतो आणि पहिला सुमारे 12 टक्क्यांपासून. पुढे एक पाऊल टाकण्याआधीच दोघांत दहा टक्क्यांचे अंतर आहे! आणि शेवटी, 2019 मध्ये, अंतर किती? 9.4. आपण समजत होतो की हा वाद गेल्या दशकात काय घडले याबद्दल आहे. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग त्या दशकाच्या उंबरठ्यावरच घडून गेलेला आहे.

एकाच पाहणीतून दोन आकडे कसे निघाले? कारण त्या पाहणीत प्रश्नपत्रिका एकाहून अधिक होत्या. काही कुटुंबांना जुन्या पद्धतीने विचारले : गेल्या 30 दिवसांत अमुक वस्तूवर किती खर्च झाला? सगळ्या वस्तूंना तोच एक मापदंड. इतर कुटुंबांना मिश्र पद्धतीने विचारले. भाजीपाला, फळे, खाद्यतेल, अंडी-मांस-मासळी, मसाले अशा वस्तूंचा खर्च गेल्या 7 दिवसांचा. धान्य, डाळी, दूध, साखर यांचा 30 दिवसांचा. कपडे, पादत्राणे, शिक्षण, टिकाऊ वस्तू यांचा 365 दिवसांचा.

याने काय बिघडते, किंवा काय सुधारते? एक कल्पित कुटुंब घेऊ. पाच माणसे, कोरडवाहू गाव. घरातल्या बाईंना विचारले, महिन्याभरात भाजीवर किती गेले? त्या आठवून सांगतात, सहाशे रुपये. त्यांनाच विचारले, गेल्या आठवड्यात किती? त्या दोन बाजार आठवतात, मध्ये दारावर घेतलेली मेथी आठवते, आणि सांगतात, एकशे ऐंशी. एकशे ऐंशीला सातने भागून तीसने गुणा : सातशे एकाहत्तर. बाई त्याच, चूल तीच, भाजीही तीच. कागदावर खर्च वाढला एकशे एकाहत्तर रुपयांनी.

कपड्यांचे बघा. गेल्या 30 दिवसांत लुगडे, सदरा, चप्पल काही घेतले का? गरीब घरात बहुतेक महिन्यांत उत्तर ‘नाही’ असेच येते. दिवाळीला किंवा लग्नसराईला एकदम खरेदी होते. म्हणून 30 दिवसांच्या प्रश्नाला हजारो घरांतून शून्य येते. तोच प्रश्न वर्षाचा केला की वर्षभराची खरेदी येते, तिला बाराने भागतात आणि प्रत्येक गरीब घराच्या महिन्यात थोडेसे कापड दिसू लागते. म्हणजे या बदलाने सगळ्यात तळाच्या घरांचा खर्च वर सरकतो. आणि दारिद्र्यरेषा तळाजवळच असते.

आता हे लक्षात घ्या की रेषेच्या आसपास माणसांची दाटी असते. 2011-12 साली तेंडुलकर पद्धतीने सरकारने धरलेली रेषा ग्रामीण भागात माणशी महिना 816 रुपये आणि शहरी भागात 1,000 रुपये होती. सातशे ऐंशी, आठशे दहा, आठशे चाळीस अशा खर्चावर कोट्यवधी लोक जगत होते. प्रत्येकाच्या खर्चात कागदावर शे-दीडशेची भर पडली की कोट्यवधी माणसे रेषा ओलांडतात. त्यांच्या ताटात काही वाढलेले नसते. बदललेला असतो तो प्रश्न.

मग दोन प्रश्नांपैकी योग्य कोणता? इथे तरी ‘दोन्ही’ म्हणून चालणार नाही. आणि जास्त आकडा येतो म्हणून तो खरा, असेही म्हणता येणार नाही. हा वाद फार जुना आहे. 1950 च्या दशकात, महालनोबिस यांच्या काळात, पश्चिम बंगालच्या खेड्यांत तांदळाचे प्रत्यक्ष वजन करून पडताळणी झाली, तेव्हा 30 दिवसांचे उत्तर वजनाशी अधिक जुळले. आठवड्याच्या प्रश्नात माणसे आधीची खरेदीही आत ओढून घेतात. पुढे वस्तूगणिक चाचण्या झाल्या, तेव्हा भाजी-तेल-मांसासारख्या वस्तूंना आठवडा जास्त जुळला. मिश्र पद्धत यातून आली आहे. म्हणून माझा कौल असा : 2011-12 च्या पातळीपुरती पहिल्या लेखाची सुरुवात अधिक भक्कम आहे. दुसऱ्या लेखाने जुनी पद्धत का धरली? 22.5 टक्के हा जागतिक बँकेच्या जुन्या मालिकेशी जुळणारा आकडा आहे, आणि मागच्या दशकांशी तुलना करायची तर मोजमाप मध्येच बदलून चालत नाही. कारण रास्त आहे, पण त्याची किंमतही आहे, आणि ती किंमत वाचकाला कळायला हवी.

इथपर्यंत उपसंपादकाला वाटेल, चला, निकाल लागला, पहिला लेख बरोबर. थांबा. हा फक्त उंबरठा झाला. आता 2011 पासून 2019 पर्यंतची वाट पाहू, आणि तिथे पारडे फिरते.

अडचण अशी होती की या वाटेवर अधिकृत दिवाच नव्हता. 2017-18 मध्ये पाहणी झाली, पण नोव्हेंबर 2019 मध्ये सरकारने जाहीर केले की आकडेवारीच्या गुणवत्तेबद्दल शंका असल्याने ती प्रसिद्ध करणार नाही. त्याआधी तिचा मसुदा वर्तमानपत्रात फुटला होता. त्यात माणशी मासिक खर्च, महागाई वजा करता, 1,501 रुपयांवरून 1,446 वर उतरलेला दिसत होता. ती पाहणी सदोष होती असे मानले, तरी मूळ माहिती अभ्यासकांना दिली असती तर दोष तपासता आला असता. ती दिली गेली नाही याचे मला आजही दुःख आहे. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला दडवलेला तक्ता हा चुकीच्या तक्त्याहून जास्त अस्वस्थ करतो.

मग दोघांनी पोकळी कशी भरली? पहिल्या लेखाने राष्ट्रीय लेख्यांचा आधार घेतला. तिथे घरगुती उपभोग कुणाच्या घरी जाऊन विचारत नाहीत. देशात काय पिकले, काय बनले, त्यातून निर्यात, सरकारी वापर, गुंतवणूक वगैरे वजा करून उरलेले लोकांनी वापरले असे धरतात. या उपभोगाची माणशी वाढ त्यांनी घेतली, ती 2011-12 च्या खर्चावर लावली, आणि वाटणीचा आकार मूळ पाहणीचाच धरला.

यात कच्चा दुवा कुठे आहे? 2011-12 मध्येच पाहणीतला खर्च राष्ट्रीय लेख्यांतल्या उपभोगाच्या जवळपास निम्मा होता. हे अंतर दशकानुदशके वाढत आले आहे. का वाढते? श्रीमंत घरांची दारे पाहणीवाल्यांना उघडत नाहीत, उघडली तरी सगळे सांगितले जात नाही. शिवाय स्वतःच्या घरात राहणाऱ्याचे मानीव भाडे, बँकांच्या सेवांचे मानीव मूल्य अशा गोष्टी राष्ट्रीय लेख्यांत येतात, घरोघरच्या पाहणीत येत नाहीत. आता विचार करा : वाढ जर या न दिसणाऱ्या भागात जास्त झाली असेल, तर ती सगळी वाढ भूमिहीन मजुराच्या खर्चावरही त्याच वेगाने चढवायची का? वाटणी जशीच्या तशी राहिली हे पहिल्या लेखाने सिद्ध केलेले नाही, गृहीत धरले आहे. आणि गरिबी संपत आली हा निष्कर्ष याच गृहीतकावर उभा आहे.

दुसऱ्या लेखाने वेगळी वाट धरली. सीएमआयई या खासगी संस्थेची घरोघरची पाहणी 2014 पासून चालू आहे, दीड लाखाहून अधिक कुटुंबे, दर चार महिन्यांनी. तिच्यातही खोट आहे. ज्याँ ड्रेझ आणि अनमोल सोमांची यांनी 2021 मध्ये दाखवले की तिच्यात गरीब घरे कमी पडतात. गावातल्या मुख्य रस्त्यावरून घरे निवडत गेले की मागच्या वस्त्या सुटण्याचा धोका असतो. दुसऱ्या लेखाच्या लेखकांनी ही खोट लपवली नाही. इतर अधिकृत पाहण्यांशी ताळमेळ घालून घरांना नवे भार दिले आणि खर्च 2011-12 च्या जुन्या पद्धतीशी जुळवून घेतला. त्यांच्या हिशेबात ग्रामीण गरिबी 26.3 वरून 11.6 वर आली, शहरी 14.2 वरून 6.3 वर. जुळवणीची शस्त्रक्रिया नाजूक आहे, तिच्यात चूक राहू शकते. तरीही हा लेख प्रत्यक्ष घरांकडे बघतो, आणि कुठे हात लावला ते सांगतो. वाटेच्या बाबतीत माझा कौल याच्या बाजूने.

हा फाटा पन्नास वर्षांपूर्वीही होता. 1970 च्या सुमारास बी. एस. मिन्हास यांनी पाहणीतली वाटणी राष्ट्रीय लेख्यांच्या सरासरीवर बसवली आणि ग्रामीण गरिबी घटते आहे असे दाखवले. प्रणब बर्धन यांनी पाहणीतलाच खर्च घेतला, शेतमजुरांच्या महागाईचा निर्देशांक लावला आणि गरिबी वाढते आहे असे दाखवले. आपल्या पुण्यात, गोखले संस्थेत, वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये उष्मांकांपासून सुरुवात करून ग्रामीण भागासाठी महिना 15 रुपये आणि शहरांसाठी साडेबावीस रुपये अशी रेषा मांडली, 1960-61 च्या भावाने. त्या वादात उतरलेली माणसे एकमेकांचे तक्ते ओळीओळीने तपासत होती. त्यांच्या वादातून आपल्याला पद्धत मिळाली.

तिसरा एक फरक आहे, तो थोडक्यात सांगतो. पहिला लेख रेशनवरच्या स्वस्त धान्याची बाजारभावाने किंमत करून ती खर्चात धरतो. दोन-तीन रुपये किलोने मिळालेल्या धान्याचे मोल दोन-तीन रुपयेच समजायचे का? माझ्या मते नाही, ते धान्य पोटात जाते. हा मुद्दा पहिल्या लेखाच्या बाजूचा. महामारीच्या वर्षी, 2020 मध्ये, माणशी महिना पाच किलो जादा धान्य फुकट दिले गेले, आणि त्या वर्षी तर हा मुद्दा फारच मोठा ठरतो. 2019 साठी मात्र त्याने निकाल उलटत नाही.

मग विद्यार्थ्याला काय लिहिले? मी लिहिले : ‘गरिबी 2011 नंतर बरीच घटली, यावर दोघे सहमत आहेत, ते निर्धास्त छाप. 10.2 हा आकडा जुन्या प्रश्नपत्रिकेमुळे फुगलेला असण्याची शक्यता मोठी आहे. 0.8 हा आकडा वाटणी बदलली नाही या गृहीतकावर उभा आहे, आणि तेवढा भार ते गृहीतक पेलत नाही. पातळीसाठी पहिल्याच्या जवळ राहा, वेगासाठी दुसऱ्याच्या. 2019 साठी एकच आकडा मथळ्यात देऊ नकोस. नवी पाहणी आली की मला पुन्हा विचार.’

त्याला हे उत्तर लांब वाटले असेल. पण पाहा, यात दोन्हीकडे माना डोलावणे नाही. प्रत्येक फाट्यावर मी एकाची बाजू घेतली आहे, आणि कुठल्या पुराव्याने माझे म्हणणे खोटे ठरेल तेही त्यात आहे.

पुरावा आला. ऑगस्ट 2022 ते जुलै 2023 या काळात नवी पाहणी झाली, फेब्रुवारी 2024 मध्ये तिचे पहिले आकडे प्रसिद्ध झाले. पुढे 2025 मध्ये जागतिक बँकेने तिच्या आधारे हिशेब मांडला : तोवर 1.90 च्या जागी आलेल्या 2.15 डॉलरच्या रेषेवर 2011-12 मधली 16.2 टक्के गरिबी 2022-23 मध्ये 2.3 टक्क्यांवर आली. दोन-तीन महिन्यांतच रेषा 3 डॉलर केली गेली, त्या रेषेवर 27.1 वरून 5.3. पहिल्या लेखाचे चाहते म्हणाले, बघा, आम्ही सांगत होतो! पातळीबद्दल त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे ठरले.

पण वेग बघा. त्याच पाहणीत, 2011-12 च्या भावाने, ग्रामीण माणशी मासिक खर्च 1,430 रुपयांवरून 2,008 झाला आणि शहरी 2,630 वरून 3,510. अकरा वर्षांची ही वाढ वर्षाला ग्रामीण भागात तीन टक्क्यांच्या आसपास आणि शहरांत त्याहून कमी भरते. राष्ट्रीय लेख्यांतला उपभोग या काळात याहून वेगाने वाढला. म्हणजे तो वेग जसाच्या तसा प्रत्येक घराच्या खर्चावर लावणे धोक्याचे होते, ही शंका खरी ठरली. त्यातही नव्या पाहणीने घरी एकाऐवजी तीन वेळा भेट दिली आणि वस्तूंची यादी 347 वरून 405 केली. जास्त विचारले की जास्त आठवते. त्यामुळे 1,430 आणि 2,008 यांच्या मधला काही भाग प्रश्नांचाच आहे. किती, हे वेगळे काढता येत नाही, कारण 2022-23 मध्ये जुनी प्रश्नपत्रिका शेजारी चालवलेली नाही. 2011-12 मध्ये दोन्ही पद्धती शेजारी चालवल्या होत्या, म्हणून तर आज संध्याकाळी मला तुम्हाला दहा टक्क्यांचा तो फाटा दाखवता आला.

विद्यार्थ्याने ठरल्याप्रमाणे पुन्हा विचारले. या वेळी त्याचा प्रश्न एका ओळीचा नव्हता. 2022-23 आणि त्यानंतरची 2023-24 ची पाहणी एकाच पद्धतीने झाली आहे का, आणि तसे असेल तर त्या दोन वर्षांची तुलना छापता येईल का, असे त्याने विचारले. पद्धत तीच आहे. छापता येईल.